सोजराबाईची सुई आणि मेथीचा वाफा

उंद्रीच्या शिवारात रस्त्याला लागून सोजराबाईचा मळा आहे. मळा म्हणजे काय, विहिरीलगतची अर्ध्या एकराची पट्टी आणि तिच्या कडेला पत्र्याची दोन खणांची खोली. पण त्या पट्टीत मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, चवळी असं काही ना काही बारा महिने हिरवं असतं. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, आता पोराकडं जा. पोरगा गोविंदा जळगाव जामोदला कृषी केंद्रात कामाला, बायको पूनमसकट तिथंच राहणारा. सोजराबाई म्हणाली, "मी गेली तर विहिरीतलं पाणी कोण पाह्यल? तुमी?" तेव्हापासून हा विषय कोणी तिच्यापुढं काढला नव्हता.

बाई देवभोळी. अंघोळ करून तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घ्यायची नाही, चिखलीच्या रेणुकामातेचं नाव घेतल्याशिवाय विहिरीवरच्या मोटारीचं बटणही दाबायची नाही. पण देवभोळी म्हणजे मऊ, असा समज कोणी करून घेऊ नये. तिची जीभ म्हणजे धार लावलेला विळा.

साखरेचा आजार तिला जुनाच. गोळ्यांनी भागेना, तेव्हा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. गावात बातमी पोचायला उशीर लागला नाही. "सुई लागली म्हंजे संपलं," असं पारावर कोणी म्हटलं. तिच्या कानावर ते आलं, तशी ती भाजीची टोपली डोक्यावर ठेवून मुद्दाम पारावरून गेली आणि जाता जाता म्हणाली, "संपली कोण ते पाहून घ्या रे! वांगे घेऊन चालली, तेरवीचं जेवण नाही."

आरोग्य केंद्रातल्या सारिका सिस्टरनं तिला सुई घ्यायला शिकवलं होतं. हात साबणानं धुवायचे. गढूळ दिसणारी बाटली तळहातांत धरून हळूहळू घोळवायची, खळखळ हलवायची नाही. जितकं औषध घ्यायचं तितकीच हवा आधी सिरिंजमध्ये ओढून बाटलीत सोडायची, मग बाटली उलटी धरून औषध ओढायचं, बुडबुडा दिसला तर टिचकी मारून वर आणायचा आणि बाटलीत परत सोडायचा. सोजराबाईनं हे सगळं गुरुमंत्रासारखं उचललं. बाटली उन्हानं खराब होऊ नये म्हणून घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती डबी माठातल्या गार पाण्यात ठेवायची. त्या माठाचं पाणी कोणाला पिऊ द्यायची नाही, एवढी तिची शिस्त.

दोन गोष्टी मात्र तिनं आपल्या मनानं ठरवल्या.

पहिली लुगड्याची. नऊवारी लुगडं, कासोटा घट्ट. पत्र्याच्या खोलीला दार असलं तरी सकाळी बायका तण निंदायला येतात, कोणी पाणी मागतं, कोणी भाजी. लुगडं सोडून बसायचं कुठं? पदराआड डाव्या कुशीला, चोळी आणि लुगड्याच्या मधे, पंज्याएवढी जागा उघडी असते. तिथंच ती सुई टोचायची. सकाळी तिथं, संध्याकाळी तिथं. शिवाय त्या जागी आता दुखतही नव्हतं. तिला वाटलं, जागा सुईला सरावली, देवाचीच कृपा.

दुसरी उकिरड्याची. सिस्टरनं सांगितलं होतं, वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका आणि डबा भरत आला की आमच्याकडं आणून द्या. सोजराबाईनं विचार केला, डबा घरात ठेवून बसायचं आणि त्यासाठी परत हेलपाटा घालायचा? त्यापेक्षा लाल टोपण लावून सिरिंज उकिरड्यात खोल खुपसली की झालं. लोखंड ते लोखंड, गंजून मातीत जाईल.

आता उकिरड्यातलं शेणखत कुठं जातं, हे भाजीवालीला सांगायला नको. तरी ते तिच्या ध्यानात आलं नाही. मेथी पेरायच्या आधी तिनं उकिरडा फोडला, खत वाफ्यांत पसरलं, पाणी सोडलं. मेथी अशी दाट आली की पाहत राहावं.

त्या मेथीत निंदायला आशाबाई बसली होती. आशाबाई म्हणजे शेजारच्या वस्तीवरची, सोजराबाईपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, आणि निंदताना तोंडही तितकंच चालणारी. बोलता बोलता ती एकदम ओरडली, "अगं माय वं! काय टोचलं वं हे?"

सोजराबाई धावत आली. आशाबाईच्या अंगठ्यातून रक्ताचा थेंब निघत होता आणि मातीत, मुळ्यांमध्ये, सिरिंजची पांढरी नळी दिसत होती. लाल टोपण कधीच निघून गेलेलं.

"काटा असंल बाभळीचा," आशाबाई अंगठा तोंडात घालायला लागली.

त्या घडीला सोजराबाईनं ती नळी पायानं मातीत दाबली असती तर कोणाला काही कळलं नसतं. बांधावर बाभूळ होतीच. पण तिनं आशाबाईचा हात तोंडाजवळून खाली ओढला.

"तोंडात घालू नको. काटा नाही तो. माही सुई हाय."

"काय?"

"साखरेची सुई. मीच टाकली उकिरड्यात. चाल, ऊठ."

तिनं मोटार सुरू केली आणि पाइपाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून आशाबाईचा अंगठा चांगला धुतला. आशाबाई अंगठा दाबून रक्त काढायला पाहत होती, तर हिनं तिला दाबूही दिलं नाही. मग कडूबाला हाका मारल्या. कडूबा गवंडी, त्याच्याकडं मालाची ऑटो होती. तिच्यात बसून दोघी आरोग्य केंद्रात गेल्या. रस्ताभर आशाबाई एकच बोलत होती, "माह्ये लेकरं लहान हायेत, सोजरामाय. मले काही झालं तं?" सोजराबाई ओठांतल्या ओठांत रेणुकामातेचं नाव घेत होती. तिला गप्प बसलेली कडूबानं जन्मात पहिल्यांदा पाहिली.

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दोघींचंही रक्त तपासायला घेतलं. सुई महिनोन्‌महिने शेणात पडलेली, तेव्हा धोका कमी, पण कमी म्हणजे नाही असं नाही. काविळीच्या आणि इतर तपासण्या पुढं परत कराव्या लागतील, असं त्यांनी आशाबाईला नीट बसवून समजावलं.

मग सारिका सिस्टर सोजराबाईकडं वळली. "मावशी, मी डबा सांगितला होता न?"

"सांगतला होता."

"मग?"

"मग काय? अक्कल गहाण पडली माही."

सिस्टर आणखी रागावणार होती, पण तिच्या हातात साखरेचा कागद होता. औषध वाढवत नेलं तरी साखर कधी आभाळाला, कधी मधेच पाताळाला. "सुई घेता कुठं, दाखवा जरा."

पडद्यामागं सोजराबाईनं पदर सरकवला. डाव्या कुशीला लिंबाएवढा मऊसर फुगवटा होता. सिस्टरनं बोटांनी दाबून पाहिला. "दुखतं?"

"बिलकुल नाही. म्हणून तं तिथं घेतो."

"दुखत नाही, कारण तिथं चरबीची गाठ झाली. इथं औषध टाकलं तर ते कधी मुरतं, कधी मुरत नाही. अन् तुमी म्हणता औषधच लागू पडत नाही."

सोजराबाई त्या गाठीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "वाफा चिबडला म्हणायचा. रोज एकाच वाफ्यात पाणी सोडलं, अन् बाकीचे कोरडे ठेवले."

"हाव, तसंच समजा. आता या वाफ्याले सुट्टी. गाठ बसेपर्यंत तिथं सुई लावायची नाही."

डॉक्टरांनी औषध बरंच कमी केलं. नव्या जागी औषध पुरं मुरणार, साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून बोटातून रक्त काढून साखर पाहत राहा, जेवणाला उशीर करू नका, असं बजावलं. साखर घसरली तर घाम येतो, हात थरथरतात. तेव्हा आधी साखरपाणी, बाकी सगळं नंतर.

इकडं गावात सुईची बातमी सुईपेक्षा खोल गेली होती. "सोजराबाईच्या मेथीत सुया निघतात." निंदायला एकही बाई येईना. आणि तिसऱ्या दिवशी गोविंदा येऊन उभा राहिला.

"माय, कपडे भर. आपल्याले जामोदले जायचं हाय."

"कोणाचं लगन हाय?"

"मजाक नको करू. गावभर नाव झालं आपलं. तुह्या हातात आता सुई नाही द्यायची. पूनम देईन तुले दोन्ही टाइम. खाटेवर बसून राह्य, देवाचं नाव घे."

"देवाचं नाव मी इथंबी घेतो. देवाले जामोदचा पत्ता वेगळा लागते का?"

"अन् मळा? सुया निघतात त्यात, कोण येईन कामाले?" गोविंदा म्हणाला.

"मळा काय म्हणते? मळा म्हणते, माह्या अंगात जे टाकलं ते काढ." ती उठली. "चुकलं ते माहं. निस्तरणारबी मीच. तुले राहायचं तं राह्य, पाहायचं तं पाह्य. पण माही सुई माह्याच हातात राहीन. ज्या दिवशी हात कापतीन, त्या दिवशी मीच पूनमले फोन लावीन. तू नको ठरवू."

गोविंदा राहिला. तिला नेल्याशिवाय जायचं नाही, असं त्यानंही मनात धरलं होतं. आईचंच रक्त ते.

कडूबाकडं वाळू चाळायची मोठी लोखंडी जाळी होती. सोजराबाईनं ती मागून आणली. पायात गमबूट, हातात चामडी हातमोजे. उभी मेथी वरून विळ्यानं कापली आणि खड्डा करून पुरली. कोणाला फुकटसुद्धा दिली नाही. मग फावड्यानं वाफ्यांची वरची माती उचलून जाळीवर टाकायला लागली. उकिरड्याचा उरलेला ढीगही तसाच. जाळीवर सिरिंज अडकली की ती चिमट्यानं उचलायची आणि फिनाइलच्या जाड रिकाम्या कॅनमध्ये टाकायची. रस्त्यानं येणारे-जाणारे थांबून पाहत.

"काय सोनं शोधता का, सोजराबाई?"

"हाव! तुह्या बुढीनं पुरलेलं. ये, हात लाव."

कोणी हात लावला नाही. गोविंदानं मात्र दुसऱ्या दिवशी दुसरं फावडं उचललं.

सुई घ्यायची वेळ झाली की तो दाराशी घुटमळायचा. सोजराबाईनं आता खोलीचं दार लावायला सुरुवात केली होती, आणि लाज सोडून लुगड्याची गाठ सैल करायलाही. पहिल्या दिवशी तिनं त्याला आत बोलावलं. "मी काय करतो ते पाह्यल्याशिवाय तोंड नको वाजवू." हात धुतले. बाटली घोळवली. औषध ओढून उजेडात धरलं, खूण पाहिली, परत पाहिली. बेंबीपासून दोन बोटं सोडली आणि उजवीकडं जागा धरली.

"बेंबीजवळ काऊन नाही?"

"तिथं नाही घ्यायची, सिस्टरनं सांगतलं. हे पाह्य, पोटाचे चार वाफे केले. एका हप्त्यात एकच वाफा. अन् त्या वाफ्यातबी कालच्या जागेपासून बोटभर सरकायचं. पोट झालं की मांडीचा बाहेरचा भाग."

चिमटीत चामडी हलकी उचलली, सुई सरळ आत घातली, दट्ट्या सावकाश दाबला. मग ओठांतल्या ओठांत दहा आकडे मोजले, तेव्हा कुठं सुई बाहेर काढली. चिमटी सोडली. जागा चोळली नाही. टोपण परत लावायला गेली नाही. सिरिंज तशीच कॅनमध्ये टाकून झाकण फिरवलं.

"दुखलं?" गोविंदानं विचारलं.

"दुखलं. जिवंत चामडी हाय ती, दुखणारच."

संध्याकाळी तो म्हणाला, "एकडाव मले देऊ दे." त्यानं बाटली हातात घेतली आणि ताक घुसळावं तशी हलवली.

"अरे, लोणी काढतो का त्याचं? ठेव खाली!"

दोघंही हसले. गोविंदाचं मन थोडं सैल झालं असावं. पण दैव कधी कधी आपलीच परीक्षा घेतं.

चाळणीचं काम संपत आलं होतं. सकाळी सोजराबाईनं सुई घेतली. अर्ध्या तासात भाकरी खायची, हे तिला पाठ. पण उकिरड्याचा शेवटचा कोपरा तेवढा राहिला होता. एवढं चाळतो न् बसतो, म्हणत ती फावडं घेऊन गेली. अर्ध्या तासाचा तास झाला. एकाएकी तिच्या डोळ्यांपुढं जाळीची भोकं नाचायला लागली, अंगाला दरदरून घाम, हातातलं फावडं थरथर. ती तिथंच खाली बसली.

"गोविंदा! साखर आण. फुलपात्रभर पाण्यात तीन चमचे. लवकर!"

तो पळत गेला, पळत आला. तिनं स्वतःच्या हातानं प्यायलं. साखर मोजायचं मशीन मागितलं, बोट टोचलं, आकडा पाहिला. खालीच होता. पंधरा मिनिटं बांधाला टेकून बसली, परत पाहिला. वर यायला लागला होता. मग तिथंच बसून भाकरी आणि चवळीची भाजी खाल्ली. सारिका सिस्टरला फोन लावून सांगितलं. सिस्टरनं डॉक्टरांना विचारून औषध आणखी उतरवलं आणि भाकरीच्या गोष्टीवरून फोनवरच चांगली खरडपट्टी काढली. सोजराबाईनं ती सगळी ऐकून घेतली.

गोविंदाचा चेहरा पांढरा पडला होता. "झालं आता. मी इथं होतो म्हणून. एकटी असती तं? सांग न, एकटी असती तं कोणं साखर आणली असती?"

प्रश्न खरा होता. सोजराबाईनं विहिरीकडं पाहिलं, वाफ्यांकडं पाहिलं. इतक्या दिवसांची तिची अकड त्या एका "तं" पुढं अडून बसली.

"मी आणली असती."

बांधावर आशाबाई उभी होती. अंगठ्यावरची पट्टी निघाली होती. ती आरोग्य केंद्रातूनच येत होती.

"पयला रिपोर्ट साफ आला," ती म्हणाली. "दोघींचाबी. अजून दोनदा तपासायचं हाय. तवरोक माह्या जिवाले घोर हायेच, सोजरामाय. अन् मले तुह्यावर राग हाय."

"असू दे. हक्काचा हाय तो."

"राग धरूनच येईन मी कामाले. पण ऐक. बूट अन् हातमोजे मलेबी पायजेत. तो सुयाचा डबा तिथं, त्या फळीवर, मले दिसंल असा ठेवायचा, अन् पाऊण भरला की बंद करून तू न् मी मिळून सिस्टरच्या हवाली करून यायचं. अन् मी आली की पयले विचारीन, भाकर खाल्ली का? नाही म्हणली तं वाफ्यात पाय ठेवू देणार नाही. मंग तू मालकीण राह्य का महाराणी."

गोविंदानं आशाबाईकडं पाहिलं. "अन् तुमी नसल्या त्या दिवशी?"

"त्या दिवशी हिनं तुले फोन करायचा, भाकर खाऊन. फोन नाही आला तं मले फोन कर. माहं घर काय जामोदले नाही, हाकेवर हाय."

"अन् साखरेची पुडी कमरेला राहीन," सोजराबाई म्हणाली. "आजपासून. घरातली साखर घरात काय कामाची?" मग पोराकडं वळून, आवाज न चढवता: "गोविंदा, मी चुकत नाही असं म्हणत नाही. आजबी चुकली. पण चुकली म्हणून माहे हात काढून घेशीन, तं मंग मी कायची राहीन? खाटेवर ठेवलेलं गाठोडं."

गोविंदा उठला, शेवटच्या कोपऱ्यातली उरलेली माती त्यानं एकट्यानं चाळली, जाळी धुऊन कडूबाच्या घरी पोचती केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो एकटाच गेला. जाताना पूनमला फोनवर सांगत होता, "नाही येत ती. नाही, मी भांडलो नाही... मी हरलो असंच समज."

पुन्हा खत आलं, कडूबाच्या गोठ्यातलं, ज्यात सोजराबाईनं कधी काही टाकलं नव्हतं. नवी मेथी पेरली. आशाबाई बूट घालून निंदायला बसली, पहिले काही दिवस घुम्यासारखी, मग हळूहळू तोंड सुरू झालं. साखरेचे आकडे उतरले, एका रेषेत यायला लागले. डावी कुशी मऊ पडत चालली.

मेथी काढली त्या बाजाराला सोजराबाई नेहमीच्या जागी पोतं अंथरून बसली. जुड्या रचल्या. सकाळपासून कोणी पुढं येईना. अखेर ओळखीची एक बाई थांबली, वाकून जुडी उचलली, उलटीपालटी केली आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही सुईवाली मेथी तं नाही न, सोजराबाय?"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. आशाबाई मागं बसली होती, ती उठायला लागली. सोजराबाईनं तिला हातानं बसवलं.

"सुईवाली मेथी म्या माह्या हातानं पुरली," ती म्हणाली, आवाज आख्ख्या ओळीला जाईल असा. "सुया म्या टाकल्या होत्या, म्याच काढल्या, अन् आता त्या कुठं जातात ते सिस्टरले जाऊन विचार. सुई मी आजबी घेतो, सकाळी घेऊन, भाकर खाऊन, मंग बाजारात बसली. ही मेथी नवी हाय. घ्यायची तं घे. नाही तं सरक, माह्या भाजीसमोरची वाट अडवून राह्यली तू."

बाई पदराची गाठ सोडत म्हणाली, "दोन जुड्या दे. अन् त्या खालच्या दे, वरच्या सुकल्या."

"सुकल्या नाहीत," सोजराबाई म्हणाली आणि वरच्याच दोन दिल्या.